आगीच्या विमा पॉलिसीतील अपवादांची कलमे आणि टायपिंगच्या चुका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नेमके कोणासाठी आहे?

मराठवाड्यात जिनिंग, तेल मिल, डाळ मिल किंवा मोंढ्यातील गोदाम चालवणाऱ्या आणि त्यासाठी आगीचा विमा घेणाऱ्या व्यावसायिकांसाठी हे पान आहे. पॉलिसीतील बारीक अक्षरांचा सगळा मजकूर येथे घेतलेला नाही. विमा कंपनी कोणत्या नुकसानीचे पैसे देणार नाही हे सांगणारी कलमे, ज्यांना व्यवहारात एक्सक्लूजन म्हणतात, तेवढीच येथे विचारात घेतली आहेत. त्या कलमांतही एकाच गोष्टीकडे लक्ष दिले आहे : एखादा शब्द चुकीचा टाइप झाल्यास किंवा गळाल्यास संरक्षण कोणत्या बाजूला सरकते आणि ते कसे ओळखावे.

पॉलिसी तर छापील नमुन्यात येते. मग तिच्यात टायपिंगची चूक राहील कशी?

मूळ छापील मजकुरात अशी चूक फार क्वचित सापडते, कारण तो मजकूर एकदा तयार होऊन हजारो ग्राहकांना जसाच्या तसा जातो. आपल्या हातात येणारी पॉलिसी मात्र निदान तीन भागांची असते. पहिला भाग शेड्यूल, म्हणजे नाव, पत्ता, मालाचे वर्णन, विमा रक्कम आणि हप्ता यांचे पान. दुसरा भाग छापील अटींचा. तिसऱ्या भागात विशेष अटी, जादा हप्ता भरून घेतलेल्या अॅड-ऑन संरक्षणाची कलमे आणि एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदल करणारी जोडपत्रे, येतात. पहिला आणि तिसरा भाग शाखेत किंवा ब्रोकरच्या कार्यालयात भरला जातो, पुष्कळदा मागच्या वर्षीच्या फाइलवरून उचलला जातो, आणि चुका राहतात त्या तेथेच.

याला आणखी एक कारण आहे, आणि ते ठाऊक असलेले बरे. १ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणी ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या उद्योगांना ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू झाली. त्याआधी सर्वांना ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ ही जुनी पॉलिसी मिळत असे, आणि ५० कोटींच्या वरच्या जोखमीसाठी आजही मुख्यतः तोच साचा वापरला जातो. दोन्ही साच्यांतील शब्द दिसायला सारखे आहेत, पण काही ठिकाणी त्यांची दिशा नेमकी उलटी आहे. जुन्या पॉलिसीसाठी टाइप केलेले विशेष अटींचे पान नव्या पॉलिसीला जोडले गेले, तर एकही अक्षर चुकलेले नसताना कलमाचा अर्थ उलटा होतो.

शब्द सारखे आणि दिशा उलटी, म्हणजे काय?

सरकीचे उदाहरण घेऊ. ओलसर सरकी मोठ्या गंजीत दाबून ठेवली की बियांचे श्वसन, बुरशीची वाढ आणि तेलाचे हवेशी होणारे संयोग यांमुळे आतली उष्णता वाढत जाते. ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर आतून धूर येऊ लागतो आणि कधी कधी गंजी पेट घेते. ढेपेच्या बाबतीतही असेच घडते. पॉलिसीच्या भाषेत याला मालाचे ‘स्वतःचे आंबणे, नैसर्गिक तापणे किंवा स्वयंज्वलन’ म्हणतात.

जुन्या पॉलिसीत ‘आग’ या धोक्याखाली हे शब्द ‘एक्सक्लूडिंग’ या शब्दानंतर येतात, म्हणजे मालाच्या स्वतःच्या तापण्याने त्या मालाचे झालेले नुकसान वगळलेले असते. भारत सूक्ष्म आणि भारत लघु या पॉलिसींत जवळपास हेच शब्द ‘इन्क्लूडिंग’नंतर येतात, म्हणजे ते नुकसान संरक्षणात धरलेले असते. इंग्रजीत टाइप करताना या दोन शब्दांत पहिली दोन अक्षरेच वेगळी असतात आणि पुढची सगळी सारखी. आपण ज्या प्रकारचा माल साठवतो तो पाहता, आपल्या पॉलिसीत या ठिकाणी कोणता शब्द आहे हे पाहणे हे माझ्या मते पॉलिसी हातात आल्यावरचे पहिले काम असावे.

‘एक्सक्लूडिंग’ दिसले की संरक्षण कमी झाले, असे धरून चालावे का?

असे धरू नये. हा शब्द कलमात कोणत्या ठिकाणी आला आहे, हे आधी पाहावे लागते. जुन्या पॉलिसीत प्रदूषण किंवा दूषितीकरणामुळे झालेले नुकसान वगळणारे एक कलम आहे. त्या कलमाच्या आत पुन्हा ‘एक्सक्लूडिंग’ हा शब्द येतो, आणि विमा उतरवलेल्या धोक्यातूनच उद्भवलेले दूषितीकरण त्या अपवादातून बाहेर काढले जाते. समजा, गोदामात पुराचे पाणी शिरले आणि त्याबरोबर आलेल्या घाणीने सोयाबीनची पोती खराब झाली. पूर हा विमा उतरवलेला धोका असेल, तर आतल्या ‘एक्सक्लूडिंग’मुळेच हे नुकसान संरक्षणात राहते.

अशा जागी कोणी चुकून ‘इन्क्लूडिंग’ टाइप केले, तर वाचणाऱ्याला तो शब्द आपल्या बाजूचा वाटतो, पण प्रत्यक्षात पुरामुळे झालेले दूषितीकरणही अपवादात ओढले जाते. म्हणून शब्द सुटा वाचू नये. तो संरक्षण देणाऱ्या वाक्यात आहे, संरक्षण काढून घेणाऱ्या वाक्यात आहे, की काढून घेतलेले परत देणाऱ्या वाक्यात आहे, हे प्रथम ठरवावे आणि पानाच्या कडेला पेन्सिलीने ‘देणारे’, ‘काढणारे’ किंवा ‘परत देणारे’ असे लिहून ठेवावे. एवढ्याने निम्मी कलमे स्पष्ट होतात.

एखादा शब्द गळाला तर अपवाद लहान होतो की मोठा?

लोकांचा सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो. अपवादातले शब्द कमी झाले म्हणजे अपवाद लहान झाला, असे सहज वाटते. प्रत्यक्षात कोणता शब्द गळाला यावर ते अवलंबून असते. अपवादात मोजलेल्या कारणांपैकी एखादे कारण गळाले, तर अपवाद लहान होतो आणि आपले संरक्षण वाढते. त्या कारणाला मर्यादा घालणारा शब्द गळाला, तर मात्र अपवाद पसरतो आणि आपले संरक्षण कमी होते.

वरच्या कलमात ‘स्वतःचे’ हा असाच मर्यादा घालणारा शब्द आहे. इंग्रजी मजकुरात तेथे ‘इट्स ओन’ असे दोन छोटे शब्द असतात. ते आहेत तोपर्यंत अपवाद फक्त स्वतःच्याच उष्णतेने जळालेल्या मालापुरता राहतो. ते गेले, तर स्वयंज्वलनातून सुरू झालेल्या आगीने शेजारी जे जे जळाले, त्या सगळ्यावर तो अपवाद लावण्याला जागा मिळते.

हे आकड्यांसह समजावून सांगता येईल का?

समजा, परभणी जिल्ह्यातील सेलू येथे एका मालकाचे छोटे जिनिंग आहे, आवारातील एकूण मालमत्ता ५ कोटींच्या आत आहे आणि पॉलिसी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षेची आहे. हे उदाहरण समजण्यासाठी रचलेले आहे. हंगामात सरकीची गंजी आतून तापते आणि पेट घेते. आग शेजारच्या रुईच्या गाठींपर्यंत आणि तेथून शेडपर्यंत पोहोचते. सरकीचे नुकसान १२ लाख रुपये, गाठींचे २२ लाख आणि शेडचे ९ लाख, असे एकूण ४३ लाख रुपये होते. सक्तीची वजावट आणि विमा रक्कम कमी पडण्याचा प्रश्न आपण सोयीसाठी बाजूला ठेवू.

पॉलिसीचा प्रमाणित मजकूर जसाच्या तसा असेल, तर आगीत मालाचे स्वतःचे तापणेही धरलेले असल्याने पूर्ण ४३ लाख रुपयांचा दावा उभा राहतो.

आता समजा, शाखेने जुन्या फाइलवरून विशेष अटींचे पान जोडले आहे आणि त्यावर स्वतःच्या स्वयंज्वलनाने मालाचे झालेले नुकसान वगळल्याचे लिहिले आहे. तेव्हा सरकीचे १२ लाख वादात जातात. गाठी मात्र स्वतः तापून जळालेल्या नाहीत, त्या बाहेरून आलेल्या आगीने जळाल्या. शेडचेही तेच. म्हणून ३१ लाखांचा दावा टिकतो.

आणि समजा, त्याच पानावर टाइप करताना ‘स्वतःच्या’ हा शब्द गळाला. आता कलम म्हणते, ‘स्वयंज्वलनाने विमा उतरवलेल्या मालमत्तेचे झालेले नुकसान’. आगीचे मूळ सरकीचे स्वयंज्वलन आहे, गाठी आणि शेडही विमा उतरवलेली मालमत्ता आहेत, त्यामुळे संपूर्ण ४३ लाख अपवादात गेले असे म्हणायला कंपनीला आधार मिळतो. कंपनीचा हा अर्थ शेवटी टिकेलच असे नाही. तरी नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर आपला अहवाल हातातल्या पॉलिसीच्या शब्दांवरून लिहितो, आणि पुढच्या हंगामाच्या तोंडावर मालकाच्या वाट्याला पैशांऐवजी वाद येतो.

छापील मजकूर एक सांगतो आणि टाइप केलेले विशेष पान दुसरे सांगते. कोणते खरे धरतात?

करारांचा अर्थ लावताना सर्वसाधारणपणे सर्वांसाठी छापलेल्या मजकुरापेक्षा त्या व्यवहारासाठी मुद्दाम लिहिलेल्या मजकुराला जास्त वजन दिले जाते, कारण पक्षकारांनी विचार करून लिहिले ते तेच, असे मानले जाते. म्हणून विशेष अटींच्या पानावरची चूक जास्त धोक्याची असते. प्रमाणित पॉलिसीच्या बाबतीत आपली बाजू थोडी बळकट असते, कारण तिचे मूळ संरक्षण सर्व कंपन्यांसाठी एकसारखे ठरवलेले आहे आणि शाखेने एका जोडपानाने ते कमी करणे अपेक्षित नाही, असे आपण म्हणू शकतो. तरीही नुकसानीनंतर हा मुद्दा मांडत बसण्यापेक्षा ते पान आधीच काढून घेतलेले बरे.

भूकंपाच्या अॅड-ऑनमध्ये काय पाहावे?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न कोणालाही वेगळा समजावून सांगावा लागत नाही. भारत सूक्ष्म आणि भारत लघु या पॉलिसींत भूकंप मूळ संरक्षणातच येतो. जुन्या साच्याच्या मोठ्या पॉलिसीत मात्र तो जादा हप्ता भरून अॅड-ऑन म्हणून घ्यावा लागतो.

त्या साच्यात वादळ आणि पूर यांचे संरक्षण देताना, भूकंपातून उद्भवलेला पूर वगळलेला असतो. भूकंपाचे अॅड-ऑन घेतल्यास हे वगळणारे शब्द ‘शॅल स्टँड डिलीटेड’, म्हणजे रद्द समजले जातील, असे लिहिलेले असते. आता यातला शेवटचा ‘डिलीटेड’ हा एकच शब्द गळाला, तर उरते ‘शॅल स्टँड’, ज्याचा अर्थ ते शब्द कायम राहतील असा होतो. व्याकरण बिघडत नाही, वाक्य अपुरे वाटत नाही, संगणकाची शब्दतपासणी काही दाखवत नाही, आणि भरलेल्या हप्त्याचे अर्धे फळ हातातून जाते. भूकंपाने बंधारा फुटून गोदामात पाणी शिरले, तर वाद नेमका या शब्दावर उभा राहील. एंडोर्समेंटमध्ये जेथे जेथे ‘रद्द’, ‘वगळले’, ‘ऐवजी वाचावे’ अशा अर्थाची क्रियापदे येतात, तेथे वाक्य शेवटपर्यंत पूर्ण आहे का, हे बोट ठेवून पाहावे.

स्वयंज्वलनाचे वेगळे अॅड-ऑन घेतले असेल, तर काळजी मिटते का?

बऱ्याच प्रमाणात मिटते, पण त्या कलमात ‘बाय फायर ओन्ली’, म्हणजे फक्त आगीने झालेले नुकसान, असे शब्द असतात. माल आतून तापून काळा पडला, वास येऊ लागला, तेलाची प्रत घसरली, पण ज्वाळा दिसली नाही, तर हे अॅड-ऑन बहुधा उपयोगी पडत नाही. ही टायपिंगची चूक नसून संरक्षणाची खरी मर्यादा आहे, आणि ती चूक समजून कंपनीला पत्र पाठवल्यास आपल्या बाकीच्या खऱ्या हरकतींचे वजन कमी होते.

‘अँड’ आणि ‘ऑर’ यांतल्या चुकीने एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि त्याची दिशाही कलमाच्या जागेवर ठरते. अपवादात ‘आंबणे, तापणे किंवा स्वयंज्वलन’ असे असेल, तर यांपैकी एक कारण सिद्ध करणे कंपनीला पुरते. तेथे ‘आणि’ आले, तर तिन्ही कारणे एकत्र घडल्याशिवाय अपवाद लागू होत नाही, म्हणजे आपले संरक्षण वाढते. संरक्षण देणाऱ्या वाक्यात हीच चूक झाली, तर तिन्ही गोष्टी सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते आणि संरक्षण जवळजवळ नाहीसे होते. न्यायालये ‘आणि’ला संदर्भानुसार ‘किंवा’ असे वाचतात, हे खरे. पण त्या भरवशावर चूक तशीच ठेवू नये.

पॉलिसी प्रत्यक्ष कशी तपासावी?

ताडून पाहण्यासाठी खात्रीची प्रत लागते, आणि ती मिळवणे कठीण नाही. प्रत्येक विमा उत्पादनाला भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने दिलेला विशिष्ट ओळख क्रमांक असतो, त्याला यूआयएन म्हणतात. तो पॉलिसीवर छापलेला असतो. प्रत्येक अॅड-ऑनला त्याचा स्वतंत्र क्रमांक असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाचा मजकूर शोधून छापून घ्यावा. क्रमांक एका अक्षराने जरी वेगळा असला, तरी ती प्रत वापरू नये, कारण ती जुन्या आवृत्तीची असू शकते.

मग दोघांनी बसावे. एकाने संकेतस्थळावरची प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने आपल्या पॉलिसीवर पट्टी ठेवून ओळ ओळ पाहावी. वाचणाऱ्याने स्वल्पविराम, कंस आणि कलमांचे क्रमांकही उच्चारावेत. एकट्याने मनात वाचताना डोळा ओळखीचे वाक्य आपोआप पूर्ण करून घेतो आणि गळालेला ‘नॉट’ त्याला दिसतही नाही. मोठ्याने वाचताना ही सवय मोडते. घरातील इंग्रजी चांगले वाचणाऱ्या मुलीने किंवा मुलाने वाचले तरी चालते, कारण येथे कायद्याचे ज्ञान लागत नाही, अक्षरे जुळतात की नाही एवढेच पाहायचे असते.

शेड्यूल, विशेष अटी आणि हाताने टाइप केलेली एंडोर्समेंट यांना अशी मूळ प्रत नसते. ती प्रस्ताव अर्ज, कंपनीने दिलेले कोटेशन आणि मागच्या वर्षीची पॉलिसी यांच्याशी ताडून पाहावी. मालाच्या वर्णनात ‘सरकीसह’ ऐवजी ‘सरकी वगळून’ असे तर झालेले नाही ना, हे येथेच कळते. एंडोर्समेंट एखाद्या कलमाचा क्रमांक सांगून ते बदलत असेल, तर तो क्रमांक काढून त्या ठिकाणी खरोखर तेच कलम आहे का, हे पाहावे. जुन्या आणि नव्या पॉलिसीतील क्रमांक जुळत नसल्यामुळे ‘कलम अमुक रद्द’ असे लिहून भलतेच कलम रद्द झालेले असू शकते.

शेवटी, आपल्या धंद्यात खरोखर घडू शकेल अशी एकच घटना घ्यावी आणि ती प्रत्येक अपवादातून चालवून पाहावी : ‘सरकी तापली, गाठ जळाली, गाठीचे पैसे मिळतात का?’ उत्तर दोन प्रतींत वेगळे येत असेल, तर तेथे चूक आहे, मग ती अजून डोळ्यांना दिसलेली नसली तरी.

चूक सापडली. आता कंपनीला काय लिहावे?

एजंटला फोन करून थांबू नये. पॉलिसी देणाऱ्या कार्यालयाला ईमेल पाठवावा आणि एजंट किंवा ब्रोकरला त्याची प्रत द्यावी. मजकूर थोडका आणि नेमका असावा. उदाहरणार्थ :

‘माझ्या वरील क्रमांकाच्या पॉलिसीला जोडलेल्या विशेष अटींच्या पानावर स्वयंज्वलनाने झालेले नुकसान वगळल्याचे लिहिले आहे. या यूआयएनच्या प्रमाणित मजकुरात हे नुकसान आगीच्या संरक्षणात धरलेले आहे. माझ्या प्रस्ताव अर्जात किंवा आपल्या कोटेशनमध्ये असा अपवाद नव्हता. कृपया सदर अट पॉलिसी सुरू झाल्याच्या दिनांकापासून रद्द करणारे दुरुस्तीचे एंडोर्समेंट द्यावे आणि हा ईमेल मिळाल्याची पोच द्यावी.’

यातील ‘पॉलिसी सुरू झाल्याच्या दिनांकापासून’ हे शब्द सोडू नयेत. दुरुस्ती पुष्कळदा ज्या दिवशी टाइप होते त्या दिवसापासून लागू केली जाते, आणि त्याआधीचे दिवस जुन्या चुकीखाली राहतात. एंडोर्समेंट हातात आल्यावर तेही याच पद्धतीने वाचावे.

पॉलिसी परत करण्यासाठी काही दिवसांची मुदत असते ना?

ती फ्री-लूकची मुदत जीवन विमा आणि वैयक्तिक आरोग्य विमा यांना असते. २०२४ च्या नियमांनुसार ती ३० दिवसांची आहे. आगीच्या पॉलिसीला ती धरून चालू नये. उलट, सोबतच्या पत्रात अनेकदा ‘ठरावीक दिवसांत हरकत न आल्यास मजकूर मान्य समजू’ अशा अर्थाची ओळ असते. म्हणून पॉलिसी मिळालेल्या आठवड्यातच तपासणी करावी.

चूक आपल्या फायद्याची असेल, तर गप्प बसावे का?

माझे स्पष्ट मत आहे की बसू नये, आणि त्याचे कारण केवळ नैतिक नाही. विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम २६ नुसार, दोन्ही पक्षांच्या समान चुकीमुळे किंवा फसवणुकीमुळे लेखातून त्यांचा खरा उद्देश व्यक्त होत नसेल, तर न्यायालय तो लेख दुरुस्त करू शकते. आपण अर्जात अॅड-ऑन मागितले नाही, त्याचा हप्ता भरला नाही, कोटेशनमध्ये ते नव्हते, आणि तरीही चुकून ‘इन्क्लूडिंग’ टाइप झाले, तर हे तिन्ही कागद आपल्याच विरुद्ध पुरावा ठरतात. विम्याचा करार परम सद्भावनेवर उभा असतो, आणि चूक ठाऊक असून ती लपवल्याचे दिसले, तर इतर मुद्द्यांवरही आपली विश्वासार्हता जाते. शिवाय अशा संरक्षणाच्या भरवशावर सरकीची गंजी मोकळी न करता तशीच ठेवली, तर नुकसान होईपर्यंत आपण वास्तवात विनासंरक्षण असतो. चूक कळवावी, आणि ते संरक्षण हवे असेल तर हप्ता भरून घ्यावे.

पण संदिग्ध मजकुराचा अर्थ कंपनीच्या विरुद्ध लावतात, असे ऐकले आहे.

तत्त्व खरे आहे, पण त्याला मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली जनरल अॅश्युरन्स सोसायटी विरुद्ध चंदमल जैन या प्रकरणात दोन्ही गोष्टी सांगितल्या : संदिग्धता असेल तर अर्थ कंपनीच्या विरुद्ध लावला जाईल, मात्र न्यायालय पक्षकारांसाठी नवा करार तयार करणार नाही. म्हणजे दोन अर्थ खरोखर संभवत असतील तरच हे तत्त्व कामाला येते. ‘डिलीटेड’ गळालेल्या वाक्यात व्याकरणदृष्ट्या एकच अर्थ उरतो, आणि तो आपल्या विरुद्ध असतो. तेथे संदिग्धतेपेक्षा चुकीचा पुरावा जास्त उपयोगी पडतो.

दुसरीकडे, अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीचीच असते. टेक्स्को मार्केटिंग प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. दुकान तळघरात आहे हे ठाऊक असून कंपनीने विमा दिला होता आणि नंतर तळघर वगळणाऱ्या कलमावर बोट ठेवले होते. कराराचा मूळ हेतूच संपवणारे असे कलम न्यायालयाने टिकू दिले नाही. कापूस आणि सरकी याच मालाचा विमा देऊन विशेष अटींत तोच माल वगळला गेला असेल, तर हा निर्णय वकिलाला आवर्जून दाखवावा.

नुकसान झाल्यानंतर चूक लक्षात आली तर?

प्रथम सर्व्हेअरला लेखी कळवावे आणि प्रस्ताव अर्ज, कोटेशन, हप्त्याची पावती व त्याच यूआयएनचा मजकूर सोबत द्यावा. त्याचा अहवाल पूर्ण होण्याआधी हे कागद त्याच्या हातात पडणे महत्त्वाचे आहे. मूळ पॉलिसीवर पेनाने दुरुस्ती करू नये.

दावा नाकारला गेल्यास कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मराठवाड्यासाठी लोकपालाचे कार्यालय पुण्यात आहे. एका मालकाच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसी त्याच्या कक्षेत येतात, पॉलिसीच्या शब्दांचा अर्थ हा तक्रारीचा मान्य विषय आहे, शुल्क नाही, आणि भरपाईची कमाल मर्यादा ५० लाख रुपये आहे. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. सेलूच्या उदाहरणातील ४३ लाखांचा दावा या मर्यादेत बसतो.

ग्राहक आयोग हा दुसरा मार्ग आहे. तेथे दोन वर्षांची मुदत असते, आणि कोणत्या पातळीवरचा आयोग हे दाव्याच्या रकमेवरून नव्हे, भरलेल्या हप्त्यावरून ठरते. त्यामुळे बहुतेक गोदामांची प्रकरणे जिल्हा आयोगातच दाखल होतात. लेखच दुरुस्त करून मागायचा असेल आणि साक्षीपुरावा मोठा असेल, तर दिवाणी न्यायालयाचा विचार वकिलाशी बोलून करावा.

पीक विम्याला हे सगळे लागू होते का?

फारसे होत नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेतील अपवाद शेतकऱ्याच्या पावतीवर टाइप केलेले नसतात. ते योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आणि राज्याच्या शासन निर्णयात असतात. तेथे टायपिंगच्या चुका गट क्रमांक, क्षेत्र, पिकाचे नाव आणि बँक खाते यांत होतात, आणि त्या सातबाऱ्याशी व पासबुकाशी ताडून नोंदणीची मुदत संपण्याआधी दुरुस्त करून घ्याव्यात.

पॉलिसीची मराठी प्रत मागितली तर काम सोपे होईल का?

समजून घेण्यासाठी ती जरूर मागावी. मात्र मराठी आणि इंग्रजी मजकुरांत फरक पडल्यास कोणता ग्राह्य धरावा, याची ओळ त्या प्रतीत शोधावी. ती बहुधा इंग्रजीच्या बाजूने असते. म्हणून अक्षरांची तपासणी इंग्रजी प्रतीवरच करावी, आणि मराठी प्रतीत एखादे कलम उलट्या अर्थाने आलेले दिसले, तर ते कलम दोन्ही प्रतींतून उद्धृत करून, कोणती प्रत चुकली आहे हे कंपनीकडून लेखी घ्यावे.